मांजर घुरघुरतंय म्हणजे खूशच आहे असं नाही: घुरघुर कशी वाचायची, टप्प्याटप्प्याने

"दोन दिवस जेवली नाहीये पण मांडीवर बसून मस्त घुरघुरते, म्हणजे ठीकच असेल ना?" या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलंय. हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं, आणि एकदा मी स्वतःही हाच हिशोब करून बसलो होतो, ते खाली सांगतोच. घुरघुर ऐकली की आपण बाकी काही बघणं बंद करतो, गडबड तिथेच होते. मांजर सुखात असताना घुरघुरतं, भूक लागल्यावर घुरघुरतं, पिल्लं देताना, हाड मोडल्यावर, अगदी शेवटच्या तासातसुद्धा घुरघुरतं. त्यामुळे नुसत्या आवाजावरून काहीच ठरत नाही. आवाज सगळ्यात शेवटी मोजायचा, त्याआधी बाकीचं बघायचं.

## तयारी: मांजर बरं असतानाच करायची

आजारी पडल्यावर निरीक्षण सुरू केलं तर तुलना कशाशी करणार? म्हणून मांजर ठणठणीत असतानाचा एक आठवडा घ्या आणि चार गोष्टी मोबाईलमध्ये लिहून ठेवा. एक, ते साधारण कधी आणि कुठे घुरघुरतं. काही मांजरं नुसतं बघितलं तरी सुरू होतात, काही वर्षानुवर्षं घुरघुरतच नाहीत किंवा इतकं हळू की गळ्याला बोट लावल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्ही नॉर्मल आहे. दोन, दिवसाला किती खातं. तीन, लिटर बॉक्समध्ये शूने वाळू चिकटून झालेले गोळे दिवसाला किती निघतात (हे लोक कधीच मोजत नाहीत आणि नेमकं हेच कामाला येतं). चार, गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतं.

श्वास मोजायचा म्हणजे छातीची एक वर-खाली हालचाल म्हणजे एक, असं ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं. निरोगी मांजराचा झोपेतला आकडा बहुतेक वेळा ३० च्या आत असतो. घुरघुरत असताना हा आकडा मोजू नका, सगळं अंगच थरथरत असतं, चुकीचाच येतो.

याच आठवड्यात सुखात घुरघुरत असतानाचा एक ३० सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, चेहरा आणि बसण्याची पद्धत दोन्ही दिसेल असा. नंतर शंका आली की दोन व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

## टप्पा १: आधी ठरवा, ही घुरघुरच आहे का

मराठीत तीन शब्द इतके जवळचे आहेत की लोक सर्रास मिसळतात. घुरघुर वेगळी, गुरगुर वेगळी आणि घरघर तर फारच वेगळी. गुरगुर म्हणजे इशारा, ती श्वास सोडताना येते, तुकड्यातुकड्यात, आणि सोबत अंग ताठ झालेलं असतं. घरघर म्हणजे श्वासाच्या वाटेत अडथळा, सर्दी किंवा नाकाघशात काहीतरी अडकलंय किंवा छातीचं काहीतरी.

घुरघुरीची खूण अशी की ती श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा चालू राहते, मध्ये अगदी पुसटसा खंड पडतो. तोंड मिटलेलं असतं, आवाज घशातल्या स्वरयंत्रात तयार होतो. म्हणूनच पिल्लू दूध पिता पिता घुरघुरू शकतं. हा आवाज सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनांचा, म्हणजे एवढ्याशा जीवासाठी फारच खर्जातला. बरीच वर्षं असं मानत होते की मेंदू घशाच्या स्नायूंना प्रत्येक कंपनासाठी वेगळा सिग्नल पाठवतो. पण २०२३ मध्ये मेलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडून बघितली तेव्हा स्नायूंच्या मदतीशिवायच तसाच खर्जातला आवाज निघाला, कारण त्यांच्या स्वरपट्ट्यांमध्ये गादीसारख्या उतीचे भाग असतात. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की घुरघुर हा घशाचा आवाज आहे, त्याची तार थेट आनंदाला जोडलेली नाही.

तपासा: गळ्याच्या खाली दोन बोटं हलकेच ठेवा. घुरघुर असेल तर एकसारखं थरथरणं लागतं. बोटांना काही लागत नाही पण आवाज मात्र येतोय, आणि तोही फक्त श्वास आत घेताना, तर ती घुरघुर नाही.

थांबा: तोंड उघडून धापा टाकतंय, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसताहेत, किंवा प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत-बाहेर होतंय, तर पुढचे टप्पे वाचत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

## टप्पा २: कोण कोणाकडे आलं आणि त्याआधी काय झालं

इथे फक्त प्रसंग बघायचा. मांजर स्वतःहून आलं, शेपटी वर, पायात घोटाळलं, मग मांडीवर चढून पंजांनी मळायला लागलं आणि घुरघुर सुरू झाली, तर यात फार डोकं चालवायची गरज नाही. पिल्लू आईच्या पोटाला पंजांनी असंच मळत घुरघुरतं. पिल्लं जन्मतः आंधळी आणि बहिरी असतात, त्यामुळे आईची थरथर त्यांना अंगाला जाणवते, आणि तीही काही दिवसांतच घुरघुरायला लागतात. म्हणजे मुळात हा "मी इथे आहे, सगळं ठीक आहे, जवळ राहा" असा निरोप आहे. आणि "जवळ राहा" हा भाग दुखत असतानाही तितकाच लागू पडतो, लोकांना नेमकं तेच कळत नाही.

आता उलटं चित्र बघा. मांजर कपाटामागे बसलंय, तुम्ही हात घातलात, त्याने हालचाल केली नाही पण घुरघुर सुरू झाली. किंवा टेबलवरून पडलं आणि दहा मिनिटांनी कोपऱ्यात एकटंच घुरघुरतंय. किंवा डॉक्टरच्या टेबलवर अंग चोरून बसलंय आणि जोरजोरात घुरघुरतंय. तिन्हींत सुखाचं कारण समोर दिसत नाही. कारण दिसत नसताना घुरघुर आली तर ती स्वतःला शांत करण्यासाठी किंवा मदत मागण्यासाठी आहे असं धरून पुढे जायचं. चुकलात तर फार काय, पाच मिनिटं वाया जातील.

आणखी एक बदल नेहमी नजरेतून सुटतो: जे मांजर कधी मांडीवर येत नाही ते अचानक चिकटायला लागलं तर घरात सगळे खूश होतात, "बघा, आता लळा लागला". लागलाही असेल. पण चार वर्षं नाही लागला आणि या मंगळवारी लागला तर जरा संशय घ्या.

## टप्पा ३: हात काढा आणि ३० सेकंद चेहरा बघा

या टप्प्यात सगळ्यात जास्त चुका होतात कारण लोक कुरवाळता कुरवाळता बघतात. कुरवाळताना मांजर डोळे मिटतंच, मग ते सुखाने मिटले की दुखण्याने आवळले हे कळणार कसं? म्हणून हात बाजूला घ्या, थोडं मागे सरका, आणि ते जागं असताना, खात किंवा चाटत नसताना बघा.

डॉक्टर लोक मांजरांच्या दुखण्यासाठी चेहऱ्याची एक मोजपट्टी वापरतात, फेलाइन ग्रिमेस स्केल नावाची. ती माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी तयार केली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी वापरायला सोपी आहे. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे: नाही तर ०, थोडं वाटतंय किंवा खात्री नाही तर १, स्पष्ट दिसतंय तर २.

कान: समोर वळलेले, ताठ असतील तर ०. एकमेकांपासून लांब जाऊन बाहेरच्या बाजूला वळलेले आणि चपटे झालेले तर २.
डोळे: उघडे तर ०. आवळून बारीक केलेले तर २.
नाकाखालचा फुगीर भाग: गोल, सैल तर ०. ताणून लांबट झालेला तर २.
मिशा: सैल, बाकदार तर ०. सरळ आणि पुढे ताठ झालेल्या तर २.
डोकं: खांद्यांच्या रेषेच्या वर तर ०. खांद्यांच्या खाली झुकलेलं किंवा हनुवटी छातीकडे ओढलेली तर २.

दहापैकी ४ किंवा जास्त झाले तर दुखणं धरून चालायचं आणि डॉक्टरला फोन करायचा, मग घुरघुर कितीही गोड असो. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरात नाकाखालचा भाग वाचणं अवघड जातं, तिथे आपण तयारीत काढलेल्या जुन्या व्हिडिओशीच तुलना करा.

तपासा: एकदा बघून निकाल देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी परत बघा. नुकतंच झोपेतून उठलेलं मांजरही डोळे बारीक करून बसतं.

लक्षात ठेवा: कमी गुण आले म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही. ही पट्टी दुखणं मोजते. मळमळ, अशक्तपणा, जुना किडनीचा त्रास यात सापडेलच असं नाही, म्हणून पाचवा टप्पा गाळायचा नाही.

## टप्पा ४: मागणीची घुरघुर वेगळी काढा

पहाटे पाचला तोंडाजवळ येऊन जी घुरघुर होते ती ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायला नको. ही घुरघुर खरंच वेगळी असते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की जेवण मागतानाच्या घुरघुरीत खर्जाच्या आवाजावर एक बारीक उंच सूर चढलेला असतो, रडण्यासारखा, साधारण ३८० हर्ट्झच्या आसपास, आणि माणसाच्या बाळाचं रडणंही त्याच पट्ट्यात येतं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ती रेकॉर्डिंगं ऐकून ही घुरघुर जास्त घाईची आणि कमी सुखद वाटली. म्हणजे आपण अंथरुणातून मुकाट उठून डबा उघडतो त्यात आपला दोष कमी आहे.

कामाची गोष्ट अशी की ही मागणी पुरी झाली की घुरघुर बदलायला हवी. वाटी ठेवली, मांजर खायला लागलं, तर प्रश्न मिटला. पण वाटीपर्यंत आलं, वास घेतला, घुरघुरत राहिलं आणि न खाता परत फिरलं, तर ते खायला बघतंय पण खाऊ शकत नाहीये, आणि मग दात, हिरड्या, तोंडातली जखम किंवा मळमळ यांचा विचार करायचा. इथे लोक काय करतात, दुसरं काहीतरी चविष्ट देतात, ते दोन घास खातं, आणि "नखरे करते हो" म्हणून विषय संपतो.

म्हातारं मांजर असेल आणि मागणी एकदम वाढली, खातंयही भरपूर आणि तरी वजन उतरतंय, तर तेही लाड समजू नका, थायरॉईडची तपासणी करून घ्या.

## टप्पा ५: मागच्या २४ तासांचा हिशोब

आता तयारीतली ती यादी उघडा. खाल्लं किती, शूचे गोळे किती, शी झाली का, झोपेतला श्वास किती. यातला कोणताही एक आकडा साफ बिघडला असेल तर घुरघुरीचं मत विचारायचंच नाही.

पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टर. मांजराचं शरीर उपाशी राहण्यासाठी बनलेलं नाही, काही दिवस पोटात काही गेलं नाही तर चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि तोच वेगळा गंभीर आजार होऊन बसतो, लठ्ठ मांजरात तर जास्तच. झोपेतला श्वास पुन्हा पुन्हा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर डॉक्टर. मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले तर धावत डॉक्टर. आणि बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये बसतोय पण गोळा एकही नाही, तर त्याच रात्री, सकाळची वाट न बघता.

## एक रात्र, या टप्प्यांनी

आमचा बोका पाच वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, अंगाने जाड, स्वभावाने तुटक. त्या रात्री नऊच्या सुमारास तो मांडीवर आला आणि घुरघुरायला लागला. मी हलायचं बंद केलं, फोटो काढला, घरच्यांना दाखवला. तासाभरात तो तीनदा उठून वाळूत गेला, उकरलं, बसला, परत आला, परत घुरघुर. मला वाटलं पोट साफ होत नसेल, कारण शी असो की शू, कुंथताना बसण्याची पद्धत सारखीच दिसते, आणि ही चूक फार कॉमन आहे.

साडेअकराला मी सहज वाळू साफ करायला गेलो आणि सकाळपासूनचा एकही गोळा नव्हता, एरवी दिवसाला दोन-तीन निघतात. तेव्हा कुठे मांडीवरून उतरवून नीट बघितलं. कान बाहेर वळायला लागलेले, १. डोळे आवळलेले, २. नाकाखालचा भाग ताणल्यासारखा, १. मिशांची खात्री नव्हती, तरी १. डोकं खांद्यांच्या खाली, २. सात झाले. आणि हे सगळं तो घुरघुरत असताना.

रात्रीच नेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं की मूत्राशय दगडासारखं घट्ट लागतंय, शू अडकली आहे. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळी अडकली की सगळं तुंबतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयावर येतं, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावलं, दोन रात्री तिथेच ठेवला. टेबलवरही तो घुरघुरत होता, डॉक्टरांना छाती ऐकता येईना म्हणून त्यांनी शेजारचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने दोन क्षण थांबला तेवढ्यात ऐकून घेतलं.

टप्पा दोनलाच मला थांबायला हवं होतं. तुटक बोका अचानक मांडीवर आला, त्याआधी सुखाचं काही घडलेलं नव्हतं, आणि मी अडीच तास फोटो काढत बसलो.

## "घुरघुरून स्वतःला बरं करतंय" ही समजूत

हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर फिरतं म्हणून वेगळं लिहितो. यामागे एक खरी गोष्ट आहे. घुरघुरीची कंपनं खर्जाच्या पट्ट्यात जोरदार असतात, आणि याच्या जवळपासच्या कंपनांचा हाडांच्या वाढीवर काय परिणाम होतो यावर वेगळे प्रयोग झालेत. त्यावरून कोणीतरी अंदाज बांधला की मांजर तासन्तास पडून राहतं तरी त्याची हाडं-स्नायू टिकतात ते घुरघुरीमुळे असेल. कल्पना सुंदर आहे, पण घुरघुरल्यामुळे मांजराचं मोडलेलं हाड लवकर जुळलं असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि मांजर छातीवर ठेवून माणसाचं हाड जुळतं हे तर नाहीच नाही. मांडीवर घुरघुरणारं मांजर असलं की आपल्याला शांत वाटतं एवढं मात्र खरं, त्याला प्रयोगाची गरज नाही.

नुकसान कुठे होतं, तर लोक "त्याला घुरघुरू दे, बरं होईल" म्हणून दोन दिवस थांबतात. जखमी मांजर घुरघुरत असेल तर तो उपचार चालू आहे असं समजू नका, त्याला उपचार हवेत असं समजा.

## या पलीकडे लोक ज्या चुका करतात

घरातलं पॅरासिटामॉल देणं. मांजराला ते विष आहे, माणसाची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दुखतंय असं वाटलं तरी घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी द्यायची नाही.

शू अडकल्याचा संशय आला की पोट दाबून बघणं. मूत्राशय फुटू शकतं, हात लावू नका.

घुरघुर थांबली म्हणून घाबरणं. झोप लागली, लक्ष दुसरीकडे गेलं, कुरवाळून कंटाळा आला, यातल्या कशानेही थांबते. कुरवाळताना घुरघुर चालू असूनही शेपटी आपटायला लागली आणि पाठीची कातडी थरथरली तर आता पुरे असं ते सांगतंय, तिथेच हात काढा, नाहीतर चावेल आणि तुम्ही म्हणाल "घुरघुरत होतं आणि चावलं".

डॉक्टरला फोनवर "घुरघुरतंय पण" असं सांगणं. त्याऐवजी असं सांगा: शेवटचं कधी खाल्लं, शू शेवटची कधी झाली, झोपेतला श्वास किती, चेहऱ्याचे गुण किती आणि दोन वेळच्या मोजणीत किती वाढले. नेताना नवा आणि जुना दोन्ही व्हिडिओ सोबत ठेवा, कारण क्लिनिकमध्ये घाबरलेलं मांजर घरच्यासारखं वागत नाही, आणि तिथे ते घुरघुरत बसलं तर छातीचा आवाज ऐकू येईलच असं नाही. झोपेतल्या श्वासाचा घरी मोजलेला आकडा तेव्हा डॉक्टरच्या फार कामाला येतो.